भिंतीआड गळणाऱ्या पाइपबद्दल घरमालकाला पत्र: आधी तपास, मग मजकूर

बाथरूमचा नळ गळत असेल तर घरमालकाला एक फोन पुरतो, कारण गळती डोळ्यांना दिसते. भिंतीत गाडलेला कन्सील्ड पाइप गळत असेल तर दिसते ती फक्त ओल. आणि ओलीची कारणं चार निघू शकतात: बाहेरच्या भिंतीतून आलेलं पावसाचं पाणी, वरच्या फ्लॅटची गळती, लादीखालचं फाटलेलं वॉटरप्रूफिंग किंवा सांडपाण्याच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप, आणि खरोखर भिंतीत गळणारी पाण्याची लाइन. मुंबईच्या सोसायट्यांत प्रत्येक कारणाचा खर्च वेगळ्याच्या माथी जातो. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने बघायची, वरच्या फ्लॅटची वरच्या सभासदाने, आणि फ्लॅटच्या आतली फ्लॅटच्या मालकाने.

म्हणूनच “बाथरूमच्या भिंतीला खूप लिकेज आहे, लवकर बघा” असा मेसेज गेला की उत्तर ठरलेलं असतं: “वरच्यांना सांगून बघा,” “सोसायटीत अर्ज द्या,” “पावसाळा झाला की सुकेल.” घरमालक वाईट असतो असं नाही; त्याच्यापुढे कारण ठेवलेलं नसतं, म्हणून तो सगळ्यात स्वस्त कारण धरून चालतो. पत्रात करायचं ते एवढंच, की बाकीची तीन कारणं कशी गळाली हे दाखवायचं आणि उरलेल्या कारणासाठी नेमकं काम मागायचं. त्यासाठी पत्राआधी तीन रात्री लागतात.

समजावायला एक उदाहरण धरू. मुलुंड पूर्वेला सात मजली सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. पत्रात त्याचा खरा नंबर असेल, इथे त्याला ३०२ म्हणू आणि खालच्या घराला २०२. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बेडरूमच्या बाजूने रंगाचे पोपडे सुटायला लागले आणि दोन दिवसांनी २०२ च्या काकूंनी सांगितलं की त्यांच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडताहेत.

पहिलं काम: पेन्सिल

ओल दिसली त्याच दिवशी तिच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ ओढा आणि रेघेशेजारी तारीख घाला. भाड्याच्या भिंतीवर लिहायचा संकोच नको. ती भिंत पुन्हा रंगवावी लागणारच आहे. दोन दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. मग मेजर टेप भिंतीला लावून, आकडे वाचता येतील असा फोटो काढा. “ओल वाढतेय” या दोन शब्दांपेक्षा ३ तारखेची आणि ५ तारखेची रेघ एकाच फोटोत दिसणं कितीतरी जास्त बोलतं.

टेपने आणखी एक माप घ्या: ओलीची खालची आणि वरची कड जमिनीपासून किती उंचीवर आहे. लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर ओल स्कर्टिंगपासून, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीपासून, सुरू होते आणि वर चढत जाते. नळाची लाइन गळत असेल तर ओल मधेच, गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, म्हणजे मिक्सरच्या, किंवा गिझरच्या लाइनच्या उंचीला उगवते आणि खाली उतरते. हा फरक पहिल्या काही दिवसांतच दिसतो. महिनाभर थांबलात तर पाणी उतरून स्कर्टिंगला भिडतं आणि दोन्ही ओली सारख्याच दिसायला लागतात. आपल्या उदाहरणात ३ फेब्रुवारीला ओल ७० सेंटिमीटरपासून १०० सेंटिमीटरपर्यंत होती आणि स्कर्टिंग कोरडी होती. पलीकडे, बाथरूमच्या बाजूला, वॉल मिक्सर साधारण त्याच उंचीवर. फेब्रुवारीत पाऊस नाही, त्यामुळे पावसाचं कारण इथेच गळालं.

तीन रात्री, तीन मोजण्या

भिंतीचं प्लास्टर सुकायला कित्येक दिवस घेतं, म्हणून व्हॉल्व्ह बंद करून सकाळी भिंतीकडे बघण्यात अर्थ नाही. खालच्या घरात पडणारे थेंब मात्र काही तासांत बदल दाखवतात. खालच्यांशी गोडीने बोला, त्यांनाही गळती थांबायलाच हवी आहे. थेंबांखाली एक भांडं ठेवायला सांगा आणि मोबाइलवर एका मिनिटात पडणारे थेंब मोजा. तीनदा मोजून मधला आकडा धरा.

तिन्ही रात्री एक अट सारखी: रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा ते बाथरूम कोणीही वापरायचं नाही. सगळे नळ घट्ट बंद, गरम आणि थंड दोन्ही.

पहिल्या रात्री काहीच बंद करू नका. लाइनीत पाणी आहे, पण सांडपाणी एक थेंबही जात नाही, अशी ही स्थिती. सकाळी थेंब तेवढेच पडत असतील तर दोष बहुधा नहाणी ट्रॅप, ड्रेनेज किंवा लादीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये नाही, कारण तिथे रात्रभर पाणी गेलेलंच नाही. थेंब जवळजवळ थांबले तर उलट निष्कर्ष, आणि मग हे पत्र वेगळं लिहावं लागेल. त्यात पाइपऐवजी ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंगची तपासणी मागायची.

दुसऱ्या रात्री बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो बहुधा बाथरूममध्येच माळ्याजवळ किंवा डक्टच्या खिडकीपाशी असतो. जुन्या इमारतींत चाकाचा गेट व्हॉल्व्ह, नव्यांत दांडीचा बॉल व्हॉल्व्ह. बंद केल्यावर नळ उघडून पाणी खरंच थांबलं का हे पाहा. जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि मग सगळी मोजणी फसते. तो गंजून अडकला असेल तर जोर लावू नका, दांडा तुटला तर इतर घरांचंही पाणी बंद करायची वेळ येते. गिझरही आधी बंद करून ठेवा. सकाळी थेंब उतरले आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर काही तासांनी पुन्हा वाढले, तर गळती तुमच्याच लाइनीची. वरच्या फ्लॅटचं पाणी तुमच्या व्हॉल्व्हचं ऐकत नाही.

तिसऱ्या रात्री मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि फक्त गिझरकडे जाणाऱ्या लाइनीवरचा छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे अँगल कॉक, बंद करा. गिझरचं बटण बंद असलंच पाहिजे. आता थंड लाइनीत दाब आहे, गरम लाइनीत नाही. थेंब कमी झाले तर दोष गिझर ते मिक्सर या गरम लाइनीत. तसेच राहिले तर थंड लाइनीत.

ज्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दिवसातून दोनदाच सोडतात तिथे रात्री लाइनीत दाबच नसतो. तिथे हीच मोजणी पाणी सोडण्याच्या वेळेत करावी लागते आणि ती तितकी स्वच्छ येत नाही. तरी “पाणी आल्यावर थेंब वाढतात, गेल्यावर कमी होतात” एवढी नोंदही कामाची आहे. पाण्याचा मीटर पाहण्याचा सल्ला मात्र मुंबईत फारसा उपयोगी नाही. बहुतेक सोसायट्यांत मीटर इमारतीच्या जोडणीला असतो, फ्लॅटला नाही.

३०२ मधले आकडे असे धरू. नेहमी मिनिटाला १० थेंब. पहिल्या रात्रीनंतर ९. दुसऱ्या रात्रीनंतर २, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर तीन तासांनी पुन्हा ९. तिसऱ्या रात्रीनंतर २. म्हणजे गरम पाण्याची लाइन. जाता जाता हिशेब: साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, मिनिटाला १० थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ७०० मिलिलिटर. हे फक्त खाली पडणारं पाणी; स्लॅब आणि भिंत जे पितात ते यात नाही.

पाइप का गळला, आणि तुमचा हात आहे का

जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, लाइनी बहुधा आट्यांपाशी गंजतात, कारण आटे पाडताना तिथली जाडी कमी झालेली असते. सीपीव्हीसी या प्लास्टिकचा सरळ पाइप सहसा टिकतो. गळतो तो एल्बो किंवा टी हा जोड, जिथे चिकटवायचं सोल्युशन कमी लागलं, किंवा मिक्सर ज्या पितळी आट्याच्या अडॅप्टरवर बसतो तो जोड, मिक्सर बदलताना जास्त आवळला गेल्यामुळे. तिसरं कारण ड्रिल. टॉवेलची दांडी, आरसा, गिझरची पट्टी बसवताना लाइनीला भोक पडतं. स्क्रू भोक धरून ठेवतो, तो गंजला की महिन्यांनी गळती दिसते.

तुम्ही त्या भिंतीत ड्रिल केलं असेल किंवा मिक्सर बदलला असेल तर पत्रात तसं लिहा. भिंत फोडल्यावर ते दिसणारच आहे, आणि तेव्हा आधीच्या सगळ्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. काही केलं नसेल तर तेही एका वाक्यात स्पष्ट लिहा.

पत्र

पत्रात जे पाहिलं ते आणि त्यावरून जे वाटतं ते वेगळं ठेवा. “एल्बो फुटला आहे” असं लिहू नका. भिंत उघडलेली नाही. “गळती गरम लाइनीत दिसते, नेमकी जागा प्लंबरने ठरवावी” इतकंच तुम्हाला माहीत आहे. कायद्याची कलमं पहिल्या पत्रात घालू नका. करारनामा मात्र काढून वाचा: लिव्ह अँड लायसन्सच्या करारात बहुधा बल्ब, नळाचा वॉशर अशी किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे आणि मोठी दुरुस्ती मालकाकडे असते. तुमच्या करारात जे कलम असेल त्याचा क्रमांक द्या.

> दिनांक: १० फेब्रुवारी
>
> प्रति,
> श्री. (घरमालकांचे करारातील पूर्ण नाव व पत्ता)
>
> विषय: फ्लॅट क्र. ३०२, मुलुंड पूर्व येथील बाथरूमच्या भिंतीतील गरम पाण्याच्या लाइनीची गळती व दुरुस्तीबाबत
>
> महोदय,
> सप्रेम नमस्कार. आपल्या वरील फ्लॅटमध्ये मी (तारीख) च्या नोंदणीकृत करारानुसार राहत आहे.
>
> ३ फेब्रुवारी रोजी बेडरूम व बाथरूम यांच्यामधील भिंतीवर, बेडरूमच्या बाजूस, जमिनीपासून ७० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ओल दिसली. त्या दिवशी तिची रुंदी ४० सेंटिमीटर होती. ९ फेब्रुवारीस ती ५२ सेंटिमीटर झाली आहे. स्कर्टिंग कोरडी आहे. ५ फेब्रुवारीपासून खालील फ्लॅट क्र. २०२ च्या बाथरूमच्या छतातून मिनिटाला सुमारे १० थेंब पडू लागले.
>
> कारण समजावे म्हणून खालील घरच्यांच्या उपस्थितीत तीन रात्री तपासणी केली. तिन्ही रात्री बाथरूम वापरले नाही. ६ फेब्रुवारीच्या रात्री सर्व व्हॉल्व्ह उघडे ठेवले. सकाळी मिनिटाला ९ थेंब होते. ७ फेब्रुवारीच्या रात्री बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवला. सकाळी २ थेंब, व व्हॉल्व्ह उघडल्यावर तीन तासांनी पुन्हा ९. ८ फेब्रुवारीच्या रात्री फक्त गिझरचा अँगल कॉक बंद ठेवला. सकाळी २ थेंब होते.
>
> यावरून गळती ड्रेनेजची, वरील फ्लॅटची अथवा पावसाची नसून आपल्या फ्लॅटमधील गिझर ते मिक्सर या गरम पाण्याच्या लाइनीत असावी असे दिसते. प्लंबरने प्रेशर टेस्ट करून खात्री करावी व नेमकी जागा निश्चित करावी. मी त्या भिंतीत ड्रिलिंग केलेले नाही व मिक्सर बदललेला नाही.
>
> ९ फेब्रुवारीपासून गिझरचा अँगल कॉक व गिझर बंद ठेवला आहे, जेणेकरून नुकसान वाढू नये. त्यामुळे बाथरूममध्ये गरम पाणी उपलब्ध नाही.
>
> विनंती अशी की,
> १) १३ फेब्रुवारीपर्यंत प्लंबर पाठवून गरम लाइनीची प्रेशर टेस्ट करून घ्यावी.
> २) २० फेब्रुवारीपर्यंत गळका भाग बदलावा, किंवा ती लाइन कायमची बंद करून बाहेरून नवी सीपीव्हीसी लाइन टाकावी.
> ३) टाइल्स लावण्यापूर्वी नव्या जोडांची पुन्हा प्रेशर टेस्ट करावी.
> ४) भिंत सुकल्यावर बेडरूमच्या बाजूचे प्लास्टर व रंग करून द्यावा.
>
> करारातील कलम (क्रमांक) नुसार ही दुरुस्ती आपल्याकडे येते. सोसायटीची कामाची परवानगी सभासद म्हणून आपल्या सहीने लागेल. मी रोज सायंकाळी ७ नंतर व शनिवारी पूर्ण दिवस घरी असतो. इतर वेळी एक दिवस आधी कळवल्यास घर उघडण्याची व्यवस्था करेन.
>
> सोबत: तारखांसह ओलीचे चार फोटो, थेंबांचे तीन व्हिडिओ, मिक्सर व गिझरच्या जागेचा फोटो.
>
> आपला,
> (नाव, सही, मोबाइल क्रमांक)

या पत्रात “गिझर बंद ठेवला आहे” ही ओळ सोपी वाटते, पण तिचं वजन मोठं आहे. गळती माहीत असून लाइन चालू ठेवली तर पुढच्या नुकसानीचा काही भाग तुमच्यावर ढकलला जाऊ शकतो. दोष थंड लाइनीत असता तर वापरापुरता व्हॉल्व्ह उघडून एरवी बंद ठेवावा लागला असता, आणि तसंच पत्रात लिहावं लागलं असतं.

ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा गिझरच्या पॉइंटपर्यंत गेली असेल तर १० दिवसांची मुदत चालणार नाही. त्या सर्किटचा एमसीबी खाली करा, ओल्या बोर्डाला हात लावू नका, आणि पत्राची वाट न पाहता मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच तासाला फोन करा. पत्रात हा परिच्छेद सगळ्यात वर घ्या.

पाठवताना

आधी फोन करा. लेखी कागद अचानक हातात पडला तर चांगला मालकही बिथरतो. “काका, फोटो आणि नोंदी नीट लिहून पाठवतोय, प्लंबरला दाखवायला सोपं जाईल,” एवढं सांगितलं की पुरे. मग पत्राची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर, आणि तीन-चार दिवसांत हालचाल दिसली नाही तर छापील प्रत करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने. पावती जपून ठेवा. सोसायटीच्या ऑफिसात एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खालच्या घरच्यांनी सोसायटीत तक्रार केली तर ती मालकाच्या नावावर येणार, तेव्हा तुमची प्रत तिथे आधीच असलेली बरी.

मालकाने दाद दिली नाही तर भाड्यातून परस्पर खर्च कापण्याचा मोह होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये भाडेकरूला नोटीस देऊन १५ दिवसांनंतर दुरुस्ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय आहे, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेत. पण ती भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्याला करार लागू होतो. म्हणून लायसन्सवर असाल तर दुसऱ्या पत्रात प्लंबरचं लेखी एस्टिमेट जोडा आणि “हे काम मी करून घेऊन रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वजा करावी का” असं विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी “हो” आल्याशिवाय एक रुपयाही कापू नका.

प्लंबर आल्यावर

प्रेशर टेस्ट म्हणजे लाइनीत पंपाने दाब भरून तो उतरतो का हे काट्यावर पाहणं. त्याआधी मिक्सर काढून तिथे प्लग बसवले पाहिजेत आणि गिझर लाइनीपासून सोडवला पाहिजे. नाहीतर काटा गळक्या मिक्सरमुळेही उतरतो आणि चांगली भिंत फुटते. दाब किती, हेही विचारा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गच्चीची टाकी १८ मीटर वर धरली, तर दाब पावणेदोन किलोच्या आसपास. हातपंपाने ४ किलो लावून अर्धा तास काटा पाहणं अशा लाइनीला पुरेसं आहे. जुन्या जीआय लाइनीला ८-१० किलो लावले तर जे जोड आजवर धरून होते तेही सुटू शकतात.

भिंत फोडायची की बाहेरून लाइन टाकायची, हा निर्णय मालकाचा. लाइन सीपीव्हीसीची असून एकच जोड गळत असेल तर एखाददुसरी टाइल काढून काम होतं. जीआय एका जागी गंजून फुटला असेल तर तोच जोड बदलण्यात शहाणपण नाही, पुढचा आटा रांगेत असतो. तिथे बाहेरून लाइन टाकणं बरं. ती दिसायला तितकी छान नाही, पण पुढची गळती त्याच दिवशी दिसते. उघड्या भिंतीचा फोटो टेप लावून नक्की काढा: पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर जातो ते दिसू द्या. सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत दाब लावू देऊ नका. टाइल बसण्याआधी पुन्हा अर्धा तास ४ किलो, काट्याचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी.

खालचे थेंब लगेच थांबत नाहीत. स्लॅबने प्यायलेलं पाणी उतरत राहतं, कधी काही दिवस, पण आकडा रोज कमी होत गेला पाहिजे. तो आकडा मालकाला कळवत राहा. बेडरूमच्या भिंतीला घाईने रंग लावू देऊ नका. ओल आत असताना लावलेला रंग पुन्हा पोपडे धरतो आणि घर सोडताना तोच डिपॉझिटच्या हिशेबात येतो. भिंतीवरची शेवटची पेन्सिलची रेघ पूर्ण कोरड्या प्लास्टरवर दिसायला लागली की तिचा एक फोटो काढून पाठवा, आणि मग रंगाऱ्याला बोलवा.